रांगोळीतला जिल्हा आणि सासुरवाडीचा भात

कोल्हारच्या शाळेत मी तेव्हा हंगामी मास्तर होतो. लग्न होऊन वर्ष होत आलं, तरी बायको जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यात माहेरीच. मास्तर कायम झाल्याशिवाय मुलगी पाठवणार नाही, असं सासऱ्यांनी बजावलं होतं. त्यामुळे इन्स्पेक्टरसाहेब शाळा तपासायला येणार म्हटल्यावर मी इरेला पेटलो. अंगणात रांगोळीनं जिल्हा काढायचा आणि त्या त्या तालुक्यात तिथली पिकं खरोखरीच मांडायची!

नगरला जाऊन जिल्ह्याच्या माहितीचं जाडजूड सरकारी पुस्तक चाळलं. पिकं, खनिजं, उद्योग, सगळं उतरवून आणलं. बाजरी, ज्वारी, गहू, हरभरा मांडला. अकोल्यात भात, तो बायकोनंच धाडला होता, म्हणून जरा सढळ हातानं ओतला. खनिजांनी मात्र निराशा केली. खाण वगैरे काही नाही, नुसता काळा दगड आणि चुन्याचे खडे. उद्योगांत मुख्य हातमाग.

गावकरी बघायला आले आणि पाटील भडकले.

"मास्तर, आमचा ऊस कुटं हाय?"

"पुस्तकात नावापुरताच आहे, पाटील."

"आन् शाळेमागं काय गवत हाय व्हय?"

खरंच की! पुस्तक कधीचं, हेच मी पाहिलं नव्हतं. पुन्हा नगर गाठलं. पुस्तक प्रवरेचे कालवे व्हायच्या कितीतरी आधी छापलेलं निघालं. मग कचेरीतून पिकांचे अलीकडचे तालुकावार तक्ते मागून घेतले. ऊस वाढला होता, साखरेचे कारखानेही आले होते. पण जिल्ह्याचं सगळं क्षेत्र पाहिलं तर बाजरी-ज्वारीपुढे ऊस थोडकाच. हे ऐकून पाटील फुगून बसले. तरी मी कालव्याच्या रेघेवर उसाची कांडी उभी केली आणि बाकी धान्य होतं तसंच ठेवलं.

साहेब आले. "जिल्ह्याची मुख्य पिकं कोणती?"

पाटील डोळे वटारून उभे. तेवढ्यात त्यांचीच नात ठणकावून म्हणाली, "बाजरी आन् ज्वारी, साहेब. पाटाच्या पान्यावर ऊस!"

पाटील हसले आणि माझा जीव भांड्यात पडला. साहेबांनी माहिती कुठून घेतली ते विचारलं. दगड, चुना, हातमाग जुन्या पुस्तकातून, पिकं आणि कारखाने नव्या कागदांवरून, असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि अकोल्यापाशी थबकले.

"मास्तर, तक्त्यात इतका भात नाही."

"तो... सासुरवाडीचा आहे, साहेब."

साहेब पोट धरून हसले.

कायम झाल्याचा हुकूम आला आणि पाठोपाठ बायको आली. तिनं आधी विचारलं, "साहेबांनी माझा भात बघितला का?"

"बघितला. जास्त झाला म्हणाले."

"बरं," ती चूल पेटवत म्हणाली, "मग तुम्हाला रोज बाजरीची भाकरी. तक्त्याप्रमाणे."

आयुष्यात इतकी गोड भाकरी मी कधी खाल्ली नाही.