फुकटचे चार डबे

माझ्या सासूबाई, जनीबाई, हेंद्रेपाड्यात घरोघरी जेवणाचे डबे पुरवतात. नवं गिऱ्हाईक जोडायला चार दिवस फुकट डबा द्यायची खोड त्यांना यंदा लागली. मी ओरडून सांगत होते, "आई, चार डब्यांचे दोनशे, गिऱ्हाईक आणणाऱ्या वॉचमनचे शंभर, झाले तीनशे. डब्यामागे आपल्याला सुटतात पंधरा. गिऱ्हाइकाने वीस डबे विकत घेतल्याशिवाय हा खर्चसुद्धा निघत नाही, आणि ही नवी पोरं दहाव्या दिवशी पळतात!"

"टिकतील गं," त्या म्हणायच्या, पण रात्रभर कूस बदलत राहायच्या. शेवटी तूट भरायला त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांचा बुधवारचा सुका बोंबील बंद केला.

थोरातकाका चार वर्षं आमच्याकडे जेवणारे. त्यांना आणायला दमडी लागली नव्हती, वासावर आले होते. आजवर त्यांच्याकडून अठरा हजार तरी सुटले असतील. काल त्यांचा फोन आला, "उद्यापासून डबा नको."

आज सकाळीच बोंबील तळून आम्ही दोघी धावत त्यांच्या दारी गेलो.

कडीला दुसऱ्याच कुणाचा डबा लटकत होता. त्यावर कागद चिकटवला होता: पहिले चार दिवस फुकट.