प्रमेय आठवे, की चौथे?

विसाव्या शतकाची पंचविशी नुकतीच उलटली होती, आणि मी स्वतःला मोठा गणिती समजत होतो. एम.ए. होऊन पुण्याच्या कॉलेजात शिकवायला लागलो होतो आणि पहिलाच लेख मद्रासेकडच्या एका गणिताच्या मासिकाला धाडला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत पौडाजवळच्या रिह्याला, आमच्या गावी आलो आणि आंबे खात छापून येण्याची वाट पाहू लागलो.

आला तो लेख नव्हे, संपादकांचं पत्र. लेखात मी एका परदेशी गणितज्ञाच्या निबंधातलं आठवं प्रमेय आधाराला घेतलं होतं. लेख तपासणाऱ्या परीक्षकांचं म्हणणं असं, की आठव्या प्रमेयातून एवढंच निघतं की क्रमांकाने गुणलेल्या पदांची सरासरी शून्याकडे जाते. तुम्हाला तर ते गुणाकारच शून्याकडे जायला हवेत. सरासरीवरून ते सिद्ध होत नाही. समाधानकारक खुलासा लगेच आला नाही, तर लेख परत करावा लागेल.

माझं डोकं फिरलं. पदं धन आणि उतरती असली आणि त्यांची बेरीज एका मर्यादेकडे जात असली, तर पद गुणिले क्रमांक शून्याकडे जातो, हे प्रमेय मी कॉलेजच्या ग्रंथालयात स्वतःच्या डोळ्यांनी वाचून वहीत उतरवलं होतं. लेखातली पदंही धन आणि उतरतीच होती. मी तिथल्या तिथे इंग्रजीत उत्तर लिहिलं. शेवटचं वाक्य मला फारच आवडलं होतं: 'आठवे प्रमेय परीक्षकांनी कृपा करून डोळे उघडून पुन्हा वाचावे.' पोस्टमन अजून ओसरीवर पाणी पीत होता. पाकीट त्याच्या थैलीत टाकलं तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, तेव्हा आमच्याच गावच्या शाळेत मास्तर होते आणि आमच्याकडेच राहत. माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं, त्यांचं छापल्यासारखं. म्हणून माझ्या इंग्रजी लेखाची स्वच्छ प्रत त्यांनी केली होती. गणित त्यांना कळत नव्हतं, पण अक्षराचा अभिमान मोठा.

"आठच हाय ना पण त्यो आकडा?" त्यांनी विचारलं.

"मग काय नऊ आहे?" मी खेकसलो.

ज्या वहीवरून प्रत केली होती ती माझी वही ते शांतपणे घेऊन आले. सूत्रांतले आकडे मी इंग्रजीत लिहिले होते. समासातल्या टिपणातला आकडा मात्र लहानपणी पाटीवर गिरवलेला, मराठी. आजूबाजूला सगळा इंग्रजी मजकूर आणि मधे एकटा ४. तोही माझ्या हातचा, वरची दोन टोकं एकमेकांना चिकटलेली.

"पाव्हणं, इंग्रजीत ह्याला आठच म्हंत्यात," दाजी म्हणाले.

म्हणजे माझं प्रमेय चौथं होतं, आणि प्रतीत ते आठवं झालं होतं. आठवं प्रमेय सरासरीचंच होतं. परीक्षकांनी ते डोळे उघडून वाचलं होतं. सही करताना प्रत मी वाचली नव्हती. दाजींवर ओरडायलाही जागा नव्हती.

तसाच अनवाणी पळालो. पोस्टमन गावाबाहेर आंब्याखाली चप्पल झटकत होता.

"मघाचं पाकीट परत द्या."

"टाकलेलं पत्र परत द्याया येत न्हाई."

"अहो, माझंच आहे ते!"

"तुमचं व्हतं. आता सरकारचं हाय." पौडाला जाऊन पोस्टमास्तरांकडे अर्ज करा म्हणाला, पण तोवर डाक पुढे गेली असती. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याला दया आली. "लई वंगाळ लिवलंय का काय?"

"लई," मी कबूल केलं.

त्याने थैलीतून एक कोरं पोस्टकार्ड काढून दिलं. त्याच्याच पेन्सिलीने, आंब्याच्या बुंध्यावर कार्ड धरून मी लिहिलं: 'मूळ लेखात आणि सोबतच्या पत्रात जिथे आठवे प्रमेय म्हटले आहे तिथे चौथे वाचावे. माझ्या आकड्याची चूक.' आणि चौथं प्रमेय काय सांगतं तेही बारीक अक्षरात सगळं लिहून काढलं. 'चौथे' हा शब्द अक्षरी लिहिला, आकड्यावरचा माझा विश्वास उडाला होता. कोपऱ्यात थोडी जागा उरली. लाज वाटली, तरी लिहिलं: 'डोळे उघडून वाचण्याविषयीची सूचना परीक्षकांऐवजी लेखकास केली आहे असे समजावे.'

नंतरचे दिवस आंबा गोड लागला नाही. दाजी सुट्टीतही शाळेतल्या पोरांना आमच्या ओसरीवर बसवून रोज ४ गिरवायला लावत होते, आणि तेही मला ऐकू येईल अशा आवाजात.

अखेर उत्तर आलं. दोनच ओळी होत्या: 'लेख स्वीकारला आहे. आपल्या दोन्ही दुरुस्त्या परीक्षकांना मान्य आहेत.'