सिस्टरांनी बदललेले शब्द

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. परदेशी नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, त्या परीक्षेतलं लेखन मी शिकवते. लाँड्रीच्या वर आमचा क्लास, बारा बाकं, एक फळा आणि इस्त्रीच्या वाफेचा कायमचा वास. इथे इंजिनिअर आले, आचारी आले, एक दातांचा डॉक्टर तर दोनदा आला. पण सिस्टरांइतका माझा जीव कोणी खाल्ला नाही, आणि इतका जीव मी कोणाला लावलाही नाही.

सिस्टर म्हणजे खरोखरच्या सिस्टर. पुरुषांच्या वॉर्डात चौदा वर्षं काढलेल्या, उंचीने बेताच्या, चालणं असं की मागच्याला पळावं लागेल. सकाळी सातच्या बॅचला युनिफॉर्मवर स्वेटर चढवून यायच्या आणि साडेआठला ड्युटीवर पळायच्या. नवरा तीन वर्षांपासून परदेशात, मालाच्या गोदामात कामाला. नऊ वर्षांची मुलगी इथे यांच्याजवळ. सिस्टरांना तिथल्या हॉस्पिटलचं पत्र आलं होतं: लेखनात नऊपैकी साडेसहा आणा, पुढच्या महिनाअखेरीपर्यंत निकाल पाठवा, जागा तुमची. बोलणं, ऐकणं, वाचणं, सगळ्यात सातच्या वर. परीक्षेला तीनदा बसल्या आणि लेखनात तिन्ही वेळा सहा.

"हे म्हणतात, या वेळी नाही झालं तर मीच सगळं सोडून परत येतो," त्या पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या. "इथे यायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. तीन वर्षं एकट्यानं काढली ती कशासाठी मग? मॅडम, मला अर्धा गुण पाहिजे. फक्त अर्धा."

ही परीक्षा घेणारे कुठे चुकलं ते सांगत नाहीत, नुसता आकडा हातात ठेवतात. म्हणून आठवडाभराने मी त्यांना म्हटलं, गेल्या वेळचं आठवेल तेवढं लिहून आणा. दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉर्डातल्या जुन्या तापाच्या तक्त्यांच्या पाठीवर अख्खा निबंध उतरवून आणला. प्रश्न साधा होता: काही लोकांना वाटतं की वृद्ध आईवडिलांना घरच्यांनीच सांभाळावं, काहींना वाटतं की त्यांच्यासाठी सरकारने केअर होम, म्हणजे वृद्धाश्रम, चालवावीत. तुमचं मत काय?

मी सुरुवात वाचली आणि कपाळावर हात मारला. प्रश्नातल्या 'एल्डरली पेरेंट्स'चे सिस्टरांनी 'एन्शंट गार्डियन्स' केले होते, म्हणजे पुराणकाळातले पालक. 'केअर होम'चं झालं होतं 'कॉशन हाउस', म्हणजे सावधगिरीचं घर. आणि 'काही लोक' होते तिथे 'मानवजात'.

"सिस्टर, हे काय आहे? मानवजातीला कुठे ओढता मध्येच? आणि सावधगिरीचं घर म्हणजे काय, दारात कुत्रा बांधलेला?"

मागच्या बाकावरचा आचारी खो खो हसला. सिस्टर हसल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी एक जाड चोपडी काढली. आधीच्या क्लासच्या सरांनी दिलेली, सहाशे शब्द आणि प्रत्येकासमोर चार-चार पर्याय. सगळी पाठ.

"प्रश्नातला एकही शब्द तसाच ठेवायचा नाही, असं सरांनी सांगितलं होतं. आणि तुम्हीही तेच सांगता, मॅडम."

"मी?"

त्यांनी माझ्याच हाताने तपासलेला आदल्या आठवड्याचा पेपर समोर धरला. प्रश्नातून जसाच्या तसा आलेला प्रत्येक शब्द मी लाल पेनने गोल केला होता. 'चिल्ड्रन'ला गोल, 'स्कूल'ला गोल. बाजूला माझंच अक्षर: उतारा केलात, बदला. प्रश्नातली ओळच्या ओळ उचलून लिहिली तर तपासणारा ती तुमची धरत नाही, हे खरंच आहे. पण घाईघाईत पेपर तपासताना मी ओळ आणि शब्द यातला फरकच सोडून दिला होता.

तरी मी हट्ट सोडला नाही. पुढचे आठ दिवस तोंडी समजावलं. अर्थ बदलू नका, अर्थ धरून ठेवा, प्रश्नातलं मत तुमच्या शब्दांत पुन्हा मांडा. त्या मान हलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी 'चिल्ड्रन'च्या जागी 'ज्युवेनाइल्स' घालून आणायच्या. मी ओरडायचे, "अहो, तो शब्द बालगुन्हेगारांसाठी वापरतात, वाचून डोळ्यांसमोर पोलीस येतात! शाळेत जाणारी पोरं आहेत ती." पाठ झालेलं हातातून आपोआप उतरत होतं. परीक्षेला दोन आठवडे उरले होते आणि खरं सांगते, मी मनातून हात टेकले होते.

मग एक दिवस त्या आल्या नाहीत. निरोप आला की जोडीची सिस्टर आजारी, डबल ड्युटी आहे. तपासलेले तीन पेपर माझ्याकडे होते, ते घेऊन मी दुपारी हॉस्पिटलात गेले. तिसऱ्या मजल्यावर लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा, मध्ये औषधांची ट्रॉली आणि ट्रॉलीमागे आमच्या सिस्टर. क्लासमध्ये पेन चावणारी बाई ही नव्हेच. खाली औषधांच्या खिडकीवर बसणारा फार्मासिस्ट एक पाकीट घेऊन आला होता.

"लिहिलेली कंपनी संपलीय. ही दुसरी घ्या, तेच औषध आहे."

सिस्टरांनी पाकीट उलटं केलं, बारीक अक्षरं वाचली आणि परत त्याच्या हातात ठेवलं. "औषध तेच, पण ताकद दुप्पट. डॉक्टरांनी अडीचशे लिहिलंय, ही पाचशेची आहे. कंपनीचं नाव काहीही असू दे, आतलं औषध आणि ताकद तीच पाहिजे. अडीचशेची आणा."

"बरं. आणि सात नंबरच्या खाटेचं फिटचं औषध? तेही दुसऱ्या कंपनीचं देऊ?"

"त्याला हात लावायचा नाही. कंपनी बदलली की फिट पुन्हा येऊ शकते, म्हणून ज्या कंपनीचं चालू आहे तेच. नसेल तर मी डॉक्टरांना फोन करते, आपल्या मनानं काही नको."

मी पेपर हातात धरून तिथेच उभी. मला राग आला, आनंद झाला, दोन्ही एकदम झालं. "सिस्टर!" मी इतक्या जोरात म्हटलं की तीन पेशंट उठून बसले. "इथे एवढं कळतं तर कागदावर कुठे जाते अक्कल? 'काही लोक'च्या जागी 'मानवजात' दिलीत, ती किती पटीची गोळी झाली?"

माझ्या हातातला पेपर त्यांनी ओढून घेतला आणि उभ्या उभ्या वाचला.

"मी पेशंटला भलतंच औषध देत होते," त्या हळूच म्हणाल्या. "तीन परीक्षा."

त्या दिवसापासून बाईंनी जो सपाटा लावला तो मी उभ्या जन्मात पाहिला नाही. चोपडी मिटून ठेवली. रोज चार प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाला त्यांनी स्वतःची पद्धत बसवली. आधी विषयाचे मुख्य शब्द शोधायचे, ते फिटचं औषध: हॉस्पिटलला हॉस्पिटलच म्हणायचं, शाळेला शाळा. मग मोजमापाचे शब्द: काही, बहुतेक, जास्त, फक्त, नेहमी. त्यांची ताकद जराही हलू द्यायची नाही. उरलेलं मोकळेपणाने बदलायचं, पण शब्दाला शब्द लावून नाही, वाक्यच वेगळं बांधून. क्रियापदाचं नाम करून बघायचं, शेवटचं आधी घ्यायचं, 'लोकांना वाटतं'चं 'असं मत मांडलं जातं' करायचं. शंका आली तर साधा शब्द ठेवायचा. मी शिकवत होते की त्या मला, ते देवालाच ठाऊक. लाल पेनने शब्दांना गोल करणं मीही बंद केलं.

एका सकाळी त्यांनी वृद्ध आईवडिलांचा तोच प्रश्न पुन्हा लिहून आणला. 'आईवडील वृद्ध झाले की त्यांची जबाबदारी मुलांची, असं काहीजण मानतात. केअर होम चालवणं हे सरकारचं काम, असं इतरांचं म्हणणं आहे.' इंग्रजीत दोन स्वच्छ वाक्यं. केअर होम जिथल्या तिथे, काहीजण काहीजणच. आचाऱ्याने तो कागद हातात घेतला आणि म्हणाला, "एवढं सोपं लिहायचं असतं होय? मी उगाच डिक्शनरी घेतली."

परीक्षेच्या दिवशी मी क्लास बंद ठेवून केंद्राबाहेर जाऊन बसले. असं मी कोणासाठी करत नाही. सिस्टर बाहेर आल्या त्या घामाघूम, पदराने तोंड पुसत.

"मॅडम, घात होता होता राहिला."

प्रश्न त्यांच्याच घरातला आला होता: काही लोकांच्या मते हॉस्पिटलांनी उपचारांपेक्षा आजार टाळण्याकडे जास्त लक्ष द्यावं, तुम्हाला हे पटतं का? विषय ओळखीचा म्हणून पेन सुसाट, म्हणजे कीबोर्ड. सुरुवात झाली, पहिला परिच्छेद झाला. एकशे साठ शब्द. मग सवयीने त्या प्रश्नाकडे परत गेल्या. प्रश्न म्हणत होता 'उपचारांपेक्षा जास्त'. यांनी लिहिलं होतं 'उपचारांऐवजी'. आणि पहिला अख्खा परिच्छेद त्या 'ऐवजी'वर उभा होता: हॉस्पिटलांनी उपचार बंद केले तर पेशंट कुठे जातील, म्हणून.

"एवढासा शब्द, आणि मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होते. घड्याळात सतरा मिनिटं. किमान अडीचशे शब्द लागतात. तसंच पुढे रेटावं, असं एकदा वाटलं, खोटं कशाला बोलू. पण चुकीचं औषध हातात आहे हे कळल्यावर देतं का कोणी? पुसलं सगळं. सुरुवातीची दोन वाक्यं राहिली, तीही 'ऐवजी' काढून, एकोणचाळीस शब्द. मग लिहीत सुटले. एकही मोठा शब्द नाही टाकला, मॅडम. वेळच नव्हता."

"किती झाले?"

"दोनशे सदुसष्ट."

मी त्यांना रस्त्यातच मिठी मारली. निकाल काय लागेल ते लागेल, पण सतरा मिनिटं उरलेली असताना आपलं लिहिलेलं पुसायला जी छाती लागते ती माझ्यात आहे का, हे मला आजही माहीत नाही.

निकाल पाच दिवसांनी आला, महिना संपायला चार दिवस असताना. सकाळच्या बॅचमध्येच त्यांनी मोबाइल उघडला. त्यांनी आकडे वाचले, पुन्हा वाचले, आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. लेखन: सात. मी ओरडले, रडले, बाकावर हात आपटला. त्या मात्र उभ्याच. मोबाइल परत घेतला आणि नवऱ्याला फोन लावला. पलीकडे तो काहीतरी घाईने बोलत होता. या वेळीही गेलं, असं समजून बहुधा त्यांना धीर देत असावा. त्यांनी त्याला बोलू दिलं. मग म्हणाल्या,

"अहो, ऐका तर. परतीचं तिकीट काढू नका. आम्ही दोघी येतोय."