उखाण्यावरचा सांधा

लग्नाच्या कॅसेटवर सनई आणि सिनेमाची गाणी चढवणाऱ्या मिक्सिंगवाल्यांबद्दल माझ्या मनात कधीच दया नव्हती. माणसं मांडवात बोलत होती, हसत होती, भांडत होती. ते सगळं या लोकांनी पुसलं आणि त्यावर एकच रडकं गाणं तीन वेळा फिरवलं. आत्याच्या लग्नाची कॅसेट अशीच होती.

आत्याला लहानपणी तापात ऐकू येणं बंद झालं. ती बोलते स्वच्छ, आणि समोरच्याचे ओठ वाचते. लग्नात घास भरवताना आतोबांनी उखाणा घेतला आणि अख्खा मांडव हसला. आत्याची मान खाली होती, मुंडावळ्या डोळ्यांवर. तिनं वर पाहिलं तोवर उखाणा संपला होता आणि सगळे हसत होते. तिची मात्र खात्री झाली की नवरा बहिऱ्या बायकोवरून काहीतरी बोलला. नंतर विचारलं तर आतोबा दरवेळी एकच सांगत, "वर पाह्यलं असतं तर कळलं असतं." तिला तो टोमणा वाटायचा, आणि दुसऱ्या कोणाला विचारणं कमीपणाचं वाटायचं. संसार झाला, मुलगा झाला, रेल्वेतून आतोबा रिटायर झाले आणि गेले. उखाणा राहिलाच.

मी नव्या रायपुरात एका संस्थेच्या व्हिडिओ विभागात काम करते. आत्या एक दिवस ब्राह्मणपाऱ्यातून रिक्षा करून माझ्याकडे आली, कॅसेट मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "त्याचं तोंड दिसलं पाह्यजे मले. बाकी काही नको."

जुन्या कॅसेटच्या चित्रात एका सेकंदात पन्नास अर्धी-अर्धी चित्रं असतात. ती नीट उलगडली तर ओठांची हालचाल पन्नास वेळा दिसते, आणि ओठ वाचणारीला तेच हवं असतं. मी ती उलगडली, पडद्यावरच्या मुंग्या कमी केल्या, चित्र थोडं मोठं केलं. चेहरा आपोआप सुधारणारं एक बटण त्या प्रोग्राममध्ये होतं. त्याला मी हात लावला नाही, कारण ते स्वतःच्या मनाचे ओठ काढतं. गाणीही काढून टाकली. एकच अडचण राहिली. कॅसेट उतरवताना टेप नेमकी उखाण्याच्या मधोमध अडकली होती. मी ती जरा मागे घेऊन पुन्हा चालवली. त्यामुळे तुकडे दोन झाले, आणि पहिल्याच्या शेवटचे काही क्षण दुसऱ्याच्या सुरुवातीला पुन्हा आले. तेवढं कापून जोडायचं बाकी होतं.

तेवढ्यात आत्याच्या मुलाला, म्हणजे माझ्या दादाला, उत्साह आला. भनपुरीत त्याचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. जगातली प्रत्येक गोष्ट एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी टाकली की काम झालं असं तो मानतो. पेनड्राइव्हवर दोन्ही तुकडे घेऊन तो समता कॉलोनीतल्या एका स्टुडिओत गेला. रायपूर राजधानी झाल्यापासून ज्याच्याकडे एक कॅमेरा आणि फिरती खुर्ची आहे तो प्रत्येक जण स्टुडिओवाला आहे.

आत्याच्या बैठकीत टीव्हीवर ते दिव्य लावलं गेलं. सुरुवातीला सोनेरी गणपती फिरत आला. मग कोपऱ्यात स्टुडिओचं नाव, लुकलुकतं. आतोबांचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत, आणि नेमका उखाण्याच्या वेळी एक तुकडा विरघळत दुसऱ्यात गेला. एका चेहऱ्यावर दोन तोंडं आली. आत्या टीव्हीजवळ सरकली, चष्मा पुसला, परत सरकली.

"नाही दिसून राहिलं," ती म्हणाली. "तोंडात रव्याचा लाडू धरल्यावानी दिसते. माये डोळेबी गेले वाट्टे. राहू दे आता. बंद कर."

तिनं स्वतःच रिमोट घेतला. मला इतका संताप आला की चहाही प्यायले नाही. दादाला घेऊन तडक स्टुडिओत गेले.

"मैडम, फुल एचडी में रेंडर किया है," फिरत्या खुर्चीतून तो म्हणाला. "पचास फ्रेम था, मैंने पच्चीस कर दिया. और चेहरा थोड़ा स्मूद किया. शादी का माहौल है ना."

"जोडायचं होतं फक्त. पुन्हा एन्कोड काहून केलं?"

"बिना रेंडर के कैसे जुड़ेगा, दीदी?" तो माझ्याकडे दयेनं बघत म्हणाला.

बरोबरच होतं त्याचं. फिरता गणपती, लुकलुकतं नाव आणि विरघळणारा सांधा हवा असेल तर प्रत्येक चित्र नव्यानं बनवून, फाइल लहान राहावी म्हणून नव्यानं दाबावंच लागतं, आणि दरवेळी दाबताना बारीक ते आधी जातं. ओठांची कड हे असलंच बारीक. या माणसानं निम्मी चित्रं फेकून दिली आणि वर स्वतःचं नाव लिहिलं. जुन्या मिक्सिंगवाल्यानं आवाज पुसला, यानं तोंड पुसलं. जात तीच.

"बहुत मेहनत किया है भैया ने," दादा परतताना म्हणाला. त्याला मराठी समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

मूळ तुकडे माझ्याकडे होतेच. दोन्ही एकाच मापाचे, एकाच वेगाचे, एकाच सेटिंगनं साठवलेले, म्हणून जसेच्या तसे एकामागे एक लावता येत होते. साठवलेल्या व्हिडिओत अधूनमधून एक पूर्ण चित्र असतं आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढं. पुन्हा न दाबता कापायचं तर तुकड्याची सुरुवात पूर्ण चित्रावरच करावी लागते, नाहीतर पडदा गोठतो. मी साठवतानाच पूर्ण चित्रं थोड्या थोड्या अंतरावर ठेवली होती. दुहेरी आलेल्या भागात दुसऱ्या तुकड्यातलं एक पूर्ण चित्र शोधलं, तिथून तो सुरू केला, आणि पहिला बरोबर त्याच्या आधी थांबवला. मग जोडलं. चित्रातलं काही बदललंच नसल्यानं कॉम्प्युटरला फक्त नक्कल करायचं काम होतं. हाक मारेपर्यंत फाइल तयार. याला मेहनत म्हणत नाहीत, म्हणून कोणाला पटतही नाही.

आत्या पाहायलाच तयार नव्हती. "काहून माया जीव खातं पोरी," म्हणाली. मी तिला हाताला धरून बसवलं.

सनई नाही, गाणं नाही. आतोबा वर बघतात, ओठ हलतात. सांधा कुठे गेला ते मलाही दिसलं नाही. मागे आतोबांचे टोपीवाले मामा पुढे वाकतात, कानाला हात लावतात, काहीतरी ओरडतात. सगळे हसतात.

आत्यानं पुन्हा लाव म्हणून खूण केली. मग पुन्हा. मग ती एकेक शब्द जोडत म्हणाली, "मांडवात माणसं शंभर, केवढा हा आवाज..." पुढे तिचं नाव होतं, ते म्हणताना लाजली. "...शी बोललो मी, कोणाले कळलं नाही आज."

दादा हसला. "इसमें हँसने का क्या था, मम्मी?"

"मामाले पाह्य," आत्या म्हणाली. "मामा म्हणून राहिला, 'अबे आवाज तं काढ!'"

आम्ही पुन्हा लावलं. मामांचे ओठ मलाही वाचता आले. आतोबांनी भरल्या मांडवात, सगळ्यांसमोर, आवाज न काढता नुसत्या ओठांनी उखाणा घेतला होता. त्या मांडवात ओठ वाचणारी एकच होती, आणि ती पाटाकडे बघत बसली होती.

आत्यानं पदरानं टीव्हीची काच पुसली, धूळ नसताना.

"त्यानं सांगतलं होतं न," ती म्हणाली. "वर पाह्यलं असतं तर कळलं असतं."