गणपतरावांचा ईमेल अर्ज

२००९ साली राजारामपुरीतल्या आमच्या टीव्हीच्या दुकानाला ईमेल होता, पण त्यात कुत्रंही फिरकत नसे. ईमेल बघणं आणि घरोघरी जाऊन टीव्ही जोडणं, दोन्ही कामं माझीच. एके दिवशी त्यात अर्ज येऊन पडला. हो, अर्जच! 'जावक क्रमांक १. विषय : बत्तीस इंची एलसीडी टीव्ही आमच्या सेट-टॉप बॉक्स व साउंडबारसोबत चालेल किंवा कसे.' खाली नाव : गणपतराव, निवृत्त हेडक्लार्क, साखर कारखाना.

आत सगळी हकिकत. जुना टीव्ही धूर सोडून गेला. पत्नी बयाबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून पुण्याच्या लेकीनं साउंडबार पाठवलाय. इतकी वर्षं गणपतरावच रोजची मालिका त्यांच्या कानाशी ओरडून सांगत आले. 'घसा बसला आहे. तरी त्वरित कळवावे.' टीव्हीचं मॉडेल लिहिलेलं, रिमोटमध्ये सेल किती तेही लिहिलेलं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं! मी उलट विचारलं, साउंडबारच्या मागं भोकं कसली आहेत?

दुसऱ्या दिवशी फाईल घेऊन गणपतराव स्वतःच हजर.

"पावणं, आधी आवक नंबर टाका. मग बोलू."

मी हसू दाबून पेनानं नंबर टाकला. फाईलीत बॉक्सच्या आणि साउंडबारच्या पाठीचं चित्र निघालं. लाल भोक कुंकवानं रंगवलेलं, पिवळं हळदीनं, पांढरं कोरं. साउंडबारला एक चौकोनी भोकही होतं, झाकणासकट.

"ही चौकोनी वायर टीव्हीत बसत न्हाय न्हवं? साउंडबार वाया गेला म्हणायचा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. चेहरा एवढासा झालेला.

"टीव्हीला तसलं भोक नाहीच. पण नकोय की! बॉक्सची पिवळी वायर टीव्हीला, लाल-पांढरी थेट साउंडबारला. चित्र टीव्हीत, आवाज साउंडबारमधनं. आवाज त्याच्याच रिमोटनं वाढवायचा."

"चालतंय म्हणा की!" त्यांनी माझ्या पाठीत असा दणका घातला की पेन उडालं. "लेखी द्या."

दिलं.

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी सगळं जोडलं. मालिका लागली. साउंडबार बयाबाईंच्या पुढ्यातच ठेवला होता. आवाज चढवत नेला तशा त्या सरसावून बसल्या. ओठ हलू लागले, डोळे मोठे झाले. ऐकू येत होतं! मी मनातल्या मनात उड्या मारत होतो. गणपतराव मात्र खिडकीबाहेर बघत होते.

"अवो, ही सासू जित्ती हाय की! पाडव्याला मारलासा न्हवं तिला? तेरावंबी घातलासा!"

गणपतरावांनी टोपी सारखी केली. "कथा रेंगाळत हुती."

बयाबाई पदर तोंडाला लावून गदगदून हसल्या. मग अर्धा तास नीट लक्ष देऊन ऐकत बसल्या. शेवटी रिमोट उचलून त्यांनी आवाज बंद केला.

"लई रडत्यात मेल्या. तुम्हीच सांगा."