नजर वर ठेवायची होती

माझा पहिला व्हिडिओ परत आला तेव्हा खाली एवढंच लिहिलं होतं: 'बघून वाचल्यासारखं वाटतं. शनिवारपर्यंत पुन्हा पाठवा.' माझं डोकंच फिरलं. केदारखेड्याच्या आसपासच्या वस्त्यांवर मी दारोदार जाऊन शेळ्यांना लस टोचते, अडलेली शेळी सोडवते, आणि मी म्हणे वाचते! पण वाचत होते हे खरंच होतं. फोन समोर आला की मला स्वतःचं नावसुद्धा आठवायचं नाही, म्हणून आमच्या ह्यांनी बाजूला कागद धरला होता.

मला हे काम शिकवलेल्या संस्थेला आता बायकांना शिकवणारी प्रशिक्षक हवी होती, व्हिडिओ तिनंच मागवला होता. तीन मिनिटांत नवीन जन्मलेल्या करडाची निगा सांगायची, कॅमेऱ्यात बघून. ती जागा मला पाहिजेच होती. उन्हातान्हात पायी हिंडून माझे गुडघे गेले होते.

मग ह्यांनी फोनवर अक्षरं सरकवणारं ॲप घेतलं. पहिल्यांदा अक्षरं पडद्याच्या खालच्या भागात चालत होती आणि माझी नजर चुलीत बघितल्यासारखी खाली. ह्यांनी ती चौकट बोटानं ओढून वर, कॅमेऱ्याच्या ठिपक्याला अगदी चिकटवली. तरी फोन हातभरावरच होता आणि ओळी लांबलचक, त्यामुळं बुबुळं डावीकडून उजवीकडं पळताना स्पष्ट दिसत होती. मग ओळ तीन शब्दांची केली, अक्षर मोठं केलं, वेग कमी केला, आणि फोन चार-पाच हात लांब स्टुलावर डबे रचून, मी खाली बसले की माझ्या डोळ्यांच्या उंचीला येईल असा ठेवला. आता बराबर जमलं. पहिलं वाक्य तर असं गेलं की मीच मला ओळखलं नाही.

दुसऱ्या वाक्याला डोळे खाली. पुन्हा घेतलं, पुन्हा खाली.

"ॲपच भिकार हाय," हे म्हणाले.

ॲपचा काही दोष नव्हता. स्टुलाच्या मागं, उघड्या दारातून सरळ रेषेत, ओसरीतल्या बाजेवर सासरे बसले होते. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मी त्यांच्याकडं मान वर करून कधी बघितलं नव्हतं. आमच्यात तशी रीतच नाही. त्यांनी जन्मभर मेंढ्या-शेळ्या राखलेल्या. करडू जन्मलं की अर्ध्या-एक तासात चीक पाजायचा, शेळीची वार पडायची वाट बघत बसायचं नाही, हे मला प्रशिक्षणाच्या आधी त्यांनीच शिकवलं होतं. पण ते सांगायचे शेळीकडं बघत, मी ऐकायची शेळीकडं बघत.

"तोंड दुसरीकडं करू," मी म्हणाले. केलं. दार पाठीमागं गेलं आणि माझं तोंड तव्यासारखं काळं आलं. उजेड समोरूनच पाहिजे होता. मग ह्यांच्या कानात खरं काय ते सांगितलं. तर हे म्हणाले, "मी न्हाई सांगणार बाबाला ऊठ म्हणून." अन् बाहेर मोठा मर्द म्हणून मिरवतात. शुक्रवारची दुपार कलायला लागली होती आणि मी रडायच्या बेतात होते.

सासऱ्यांनीच विचारलं, "का व्हईना गेलं?"

"तिचे डोळे खाली जाऊन राह्यले, बाबा."

मला वाटलं, ते उठून मळ्याकडं जातील. ते उठले, पण आले ते स्टुलामागं. तिथं पोतं टाकून असे बसले की फोनच्या वर त्यांचं तोंड.

"बाई, मंग मलाच सांग," ते म्हणाले. "वर बघून सांग. आज रीत ऱ्हाऊ दे."

मी वर बघितलं. ठिपका होता, त्याला चिकटून अक्षरं सरकत होती, आणि वर ते होते. मी बोलायला लागले. नाळेला आयोडीन लावायचं, अंग कोरडं करायचं, चीक पाजायचा. बोलताना माझ्या ध्यानात आलं, त्यांच्या उजव्या डोळ्याची बाहुली पांढरी पडली होती. डावीवरही साय धरायला लागली होती. मी थांबले नाही. तीन मिनिटं नजर न हलवता बोलले.

तोच व्हिडिओ गेला आणि मला ती जागा मिळाली. कळवताना संस्थेनं लिहिलं होतं, पाठ न करता मनापासून बोललात.

त्या दिवशी फोन बंद झाल्यावर मी तिथूनच विचारलं, "मामा, उजव्यानं दिसतं का काही?"

"दोन वर्सं झाली, न्हाई दिसत," ते म्हणाले. "त्याचं काय यवढं."

अंगात रक्त किती ते कळायला रोज पन्नास शेळ्यांच्या पापण्या उलटून बघणारी मी. एका घरात राहून माणसाचा डोळा बघितला नव्हता. सोमवारी त्यांना जालन्याला घेऊन मी स्वतः गेले, आणि डॉक्टर बोलत होते तोवर मामांकडंच बघत राहिले.