पाचशे रुपयांचा रिफंड

बीटीच्या कपाशीलाही गुलाबी अळी लागू लागली, त्या काळात मी बुलढाण्यात एका खोलीतून स्वतःच्या वेबसाइटवर कामगंध सापळे विकायचे. सापळ्यात गंधाची गोळी ठेवली की नर पतंग त्यात अडकतो. गोळीशिवाय सापळा म्हणजे नुसतं प्लास्टिक. त्या वर्षी कंपनीने सापळे पाठवले, गोळ्या पाठवल्याच नाहीत. माझे आगाऊ पैसे मात्र तिने गिळले.

मी ऑर्डर घेणं बंद केलं आणि गिऱ्हाइकांना गोळ्यांपुरते पैसे परत करत सुटले. शेवटचे राहिले देऊळघाटचे चाचा. दहा सापळ्यांची पंधराशेची ऑर्डर, त्यातले पाचशे गोळ्यांचे. ते खोलीवरच आले.

"बेटा, बोंडं धरून राह्यली. बाजारात गोळ्या हायेत, पण दुकानदार रोख मांगते. आज पैसे दे."

रिफंडचं बटण दाबलं, तर शिल्लक अपुरी. साइटवरचे पैसे गोळा करणारा पेमेंट गेटवे रिफंड देतो तो त्याच्याकडे जमा असलेल्या पैशांतून, आणि माझे तर केव्हाच बँकेत येऊन कंपनीच्या घशात गेले होते. पंधराशेवर फी म्हणून कापलेले पस्तीस रुपये चाळीस पैसेही बुडालेच. रिफंड अर्धा द्या नाहीतर पूर्ण, गेटवे आपली फी परत करत नाही.

माझ्या खात्यात पाचशे तीस रुपये होते. मी शहाणपणा केला. गेटवेकडे शिल्लक व्हावी म्हणून माझ्याच साइटवर माझ्याच फोनवरून पाचशे भरले. नियमात बसतं की नाही, बघितलं नाही. फी कापून जमा झाले चारशे अठ्ठ्याऐंशी रुपये वीस पैसे. रिफंड पुन्हा नाकारला. मला रडू आलं, रागही आला. आणखी वीस भरले, तेव्हा कुठे पाचशेचा रिफंड निघाला.

"झालं चाचा. पाच-सात दिवसांत खात्यात येतील."

"कोनाच्या खात्यात?"

"ज्यातून भरले, त्यातच."

चाचा खुर्चीत सावकाश बसले. "ते तं जावयाच्या फोनवरून भरले होते. म्या त्याले नगद देले होते."

"मग त्यांना सांगा ना."

"जावयाले पैसे मांगू काय मी?"

मी म्हटलं, मीच फोन लावते. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "नको बेटा. पोरीले बोलनं खावं लागन."

सुटलेला रिफंड मागे घेता येत नाही. हे सगळं आधी विचारायला एक मिनिट लागलं असतं. बटण दाबायच्या घाईत मी विचारलंच नाही. पाचशे रुपये सकाळी माझ्याकडे होते. ते सरळ त्यांच्या हातावर ठेवले असते तर चाचा गोळ्या घेऊनच गावी गेले असते. आता खात्यात दहा रुपये होते. शेजारी उसने मागितले, मिळाले नाहीत. चाचा रिकाम्या हाताने एस.टी.ला गेले.

पंधरा दिवसांनी उसने जमवून मी गोळ्या घेतल्या आणि देऊळघाट गाठलं. चाचांनी दहाही सापळे ओळीत नीट टांगले होते, गोळीशिवाय. त्यांनी एक बोंड फोडून माझ्या तळहातावर ठेवलं. आत अळी होती.

"बस बेटा," ते म्हणाले, "चहा ठेवाले सांगतो."